आजीची ओव्यांची वही: पानांना क्रमांक नाहीत, फोटोंचा क्रम कसा लावू?

रानजाई

माझ्या आजीने जात्यावरच्या ओव्या एका लहानशा वहीत लिहून ठेवल्या होत्या. वही दुकानातली नाही. घरीच कागद दुमडून मधोमध दोऱ्याने शिवलेली आहे. ती संगमेश्वरजवळच्या आमच्या गावच्या घरात आहे आणि मी नागपूरला. चुलतभावाने तिचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले. एकूण १७ फोटो आहेत, पण पानांवर क्रमांक नाहीत आणि फोटो दोन-तीन हप्त्यांत आल्यामुळे मागचे पुढे झालेत.

मला त्या सगळ्या ओव्या टंकायच्या आहेत. आईला एकेक ओवी वाचून दाखवते तेव्हा तिला पुढची आपोआप आठवते, म्हणून आजीने ज्या क्रमाने लिहिलं तोच क्रम मला हवाय. अडचण अशी की जवळजवळ प्रत्येक फोटोत दोन पानं दिसतात, पण डावीकडची ओवी उजवीकडे पुढे जात नाही. शिवाय बहुतेक फोटोंत एक बाजू सरळ आणि दुसरी चक्क उलटी आहे. भावाने कुठल्यातरी ॲपमध्ये दोन फोटो जोडून पाठवले असावेत असं वाटतंय.

दोन प्रश्न आहेत. क्रम कसा लावायचा? आणि टंकताना एक पान कुठे संपलं, दुसरं कुठे सुरू झालं, हे कसं दाखवायचं?

चिंचपेटी

किती सुंदर ठेवा आहे! दोन-चार ओव्या इथे टाका ना.

क्रमाबद्दल सांगायचं तर ओव्यांची एक रीत असते. आधी देवाच्या, मग माहेराच्या, भावाच्या, मग लेकीच्या. 'पहिली माझी ओवी' असं ज्या पानावर असेल ते पहिलं धरा आणि विषयाप्रमाणे बाकीची लावत जा. माझ्या सासूबाई गायच्या तेव्हा हाच क्रम असायचा.

खटपट्या

फोटोंची नावं बघितली का? `IMG-20240217-WA0011.jpg` अशी असतील तर त्या शेवटच्या आकड्याप्रमाणे लावून टाका. पाच मिनिटांचं काम.

बोरू

खटपट्या, तो आकडा फोटो काढल्याचा क्रम सांगत नाही. त्या दिवशी त्या फोनवर फाइल कितवी आली तेवढंच त्यातून कळतं. भावाने आधी कुठला फोटो निवडला, नेटवर्कमुळे कुठला मागे राहिला, यावर तो ठरतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की मूळ नाव आणि काढल्याची वेळही निघून जाते. रानजाई, भावाला तेच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पुन्हा पाठवायला सांगा. फोनमधलं मूळ नाव येईल आणि बहुतेक फोनवर त्या नावातच तारीख-वेळ असते.

नांदेडकर

वर्डमध्ये इन्सर्टमध्ये जाऊन पेज नंबर दिले की आपोआप येतात. सेक्शन ब्रेक टाकला तर पहिल्या पानाचा क्रमांक लपवताही येतो.

रानजाई

नांदेडकर, धन्यवाद, पण माझी अडचण टंकलेल्या मजकुराच्या क्रमांकांची नाही. मूळ वहीतलं कितवं पान कुठलं, तेच मला ठाऊक नाही.

बोरू, भावाला सांगितलं. मूळ नावांचे फोटो आले आणि वेळेप्रमाणे लावले, तरी ओव्या जुळत नाहीत. एक गोष्ट लक्षात आली. फोटो दोन-दोनच्या जोड्यांत काढलेत. दोन फोटोंमध्ये काही सेकंदांचं अंतर, मग मिनिटभर काही नाही, मग पुन्हा दोन.

चिंचपेटी, 'पहिली माझी ओवी' सापडली. पण त्या पानाच्या वरच्या भागात आधीच चार ओव्या आहेत.

शाईदौत

रानजाईताई, एक विचारतो. भावाने फोटो काढले तेव्हा वही शिवलेली होती की दोरा तुटलेला होता? आणि फोटोच्या मधोमध घडीची रेघ दिसते का?

रानजाई

आत्ताच फोन केला. दोरा कधीचाच तुटलाय म्हणे. कागद सुटे झाले होते आणि ट्रंकेतून काढताना ते खाली पडले. मग त्याने एकेक कागद उलगडून सपाट ठेवला आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढला. ॲपमध्ये काही जोडलेलं नाही. घडीची रेघ जवळजवळ प्रत्येक फोटोत मधोमध आहे आणि रेघेवर दोऱ्याची भोकं आहेत.

शाईदौत

तर गाठ इथेच आहे. तुमच्या फोटोत शेजारी दिसणारी दोन पानं वहीत शेजारी नव्हतीच.

अशी वही करताना कागद एकात एक घालून मधून दुमडतात. सगळ्यात बाहेरच्या कागदाच्या एका अर्ध्यावर वहीचं पहिलं पान येतं आणि दुसऱ्या अर्ध्यावर शेवटचं. त्याच्या आतल्या कागदावर तिसरं पान आणि शेवटून तिसरं. फक्त सगळ्यात आतल्या कागदाची आतली बाजू तेवढी सलग वाचता येते, कारण वहीचा मध्य तिथे असतो.

मनात धरायला अवघड जातं, म्हणून आधी एक नमुना करा. आठ कोरे कागद एकात एक घालून दुमडा, पेन्सिलीने १ ते ३२ आकडे घाला आणि मग कागद सुटे करा. सगळ्यात बाहेरच्या कागदाच्या बाहेरच्या बाजूला डावीकडे ३२ आणि उजवीकडे १ दिसेल. तोच उलटला की डावीकडे २, उजवीकडे ३१. पुढच्यावर ३० आणि ३, मग ४ आणि २९. कुठल्याही फोटोतल्या दोन पानांची बेरीज ३३ येते. कागद सात असतील तर पानं २८ आणि बेरीज २९.

यातून दोन गोष्टी हाती लागतात. घडीच्या उजवीकडचं पान नेहमी विषम आणि डावीकडचं सम. आणि विषम पानावरून पुढच्या सम पानावर जाताना आपण फक्त कागद पालटतो, कागद बदलत नाही. कागद बदलतो तो समावरून विषमावर जाताना. म्हणजे तुम्हाला सतरा फोटो लावायचे नाहीत, सात-आठ कागद लावायचेत.

टोरांटोची तायडी

मी लेकाला घेऊन आठ कागदांची वही केली आणि मग उलगडली. ३२ च्या शेजारी १ बघून तो खूश झाला. आता तो फ्रिजवरचे सगळे कागद दुमडतोय 🙂

दुर्गवाटा

आमच्याकडे पणजोबांच्या पोथ्या आहेत, आडव्या, सुट्या पानांच्या. त्यांत पानाच्या मागच्या बाजूला समासात आकडा आणि ग्रंथाचं छोटं नाव असतं. माझ्या काकांनी फक्त पुढच्या बाजू स्कॅन केल्या आणि आकडेच गेले! मागची बाजू नीट बघा, कोपऱ्यात काहीतरी सापडेल.

शाईदौत

दुर्गवाटा, पोथीचं पान सुटं असतं, त्यामुळे तिथे आकड्यावाचून चालत नाही. घरी शिवलेल्या वहीला दोराच क्रम राखतो, म्हणून बहुतेक कोणी आकडा घालतच नाही. पण काकांचं उदाहरण मोलाचं आहे. कोरी वाटली तरी प्रत्येक बाजूचा फोटो हवाच.

रानजाई

नमुना वही केली. आता डोळ्यांसमोर आलं!

फोटोंच्या जोड्या लावल्या. कसरीने खाल्लेलं एक भोक खालच्या कडेजवळ आहे. ते एका फोटोत उजवीकडे असलं तर त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला डावीकडे दिसतं, त्यावरून जोड्या पक्क्या झाल्या. तीन फोटो दुबार निघाले, पहिले हलल्यामुळे पुन्हा काढलेले. म्हणजे १४ फोटो, सात कागद. त्यातला एक अर्धाच आहे, घडीपाशी फाटलेला.

पण सातांतला पहिला कुठला आणि दुसरा कुठला, ते अजून कळत नाही. प्रत्येक ओवी स्वतंत्र, दोन ओळींत संपणारी. एका पानावरून दुसऱ्यावर जाणारी गोष्ट असती तर सोपं होतं.

बोरू

कागदांची रुंदी मोजा. एकात एक घातलेल्या कागदांत बाहेरचा आतल्यांना वळसा घालतो, त्यामुळे आतले कडेला पुढे येतात. वही शिवून झाल्यावर कड कापली असेल तर आतले कागद थोडे अरुंद मिळतील.

शाईदौत

तत्त्व बरोबर आहे. पण सात-आठ पातळ कागदांत पहिल्या आणि शेवटच्या कागदाचा फरक फार तर एखाद-दोन मिलिमीटरचा. कागद हातात असेल तर पट्टीने कळेल. हाताने धरलेल्या फोनमधून आलेल्या फोटोत कळणार नाही, कारण फोन जरा तिरपा झाला तरी त्याहून मोठा फरक पडतो. तेलाचा किंवा पाण्याचा डाग असेल तर तो जास्त कामाचा. बाहेरून शिरलेला डाग आत जाताना लहान लहान होत जातो.

रानजाईताई, एक राहिलंच. त्या उलट्या बाजूंवर काय लिहिलंय?

रानजाई

त्या अजून वाचल्याच नाहीत, मला फक्त ओव्या हव्या होत्या. रात्री फोटो फिरवून बघते.

चिंचपेटी

तोवर मी माझं म्हणणं सोडत नाही हं. 'पहिली माझी ओवी' आधी चार ओव्या असतील तर आजींनी त्या नंतर वरच्या मोकळ्या जागेत भरल्या असतील.

शाईदौत

शक्य आहे, चिंचपेटी. पण तशा भरलेल्या ओव्या दाटीवाटीच्या दिसतात, अक्षर बारीक होतं, शाई वेगळी पडते. रानजाईताईंना बघून सांगता येईल. आणि गाण्याचा क्रम वेगळा, लिहिण्याचा वेगळा. लिहिणारीला जशी आठवेल तशी ती लिहिते.

रानजाई

काल रात्री बारापर्यंत बसले होते. उलट्या बाजूंवर घरखर्चाचा हिशेब आहे! आजीने वही उलटी करून मागून हिशेब लिहिलाय. तांदूळ, रॉकेल, दूध, न्हाव्याचे, भाच्याच्या मुंजीचा आहेर, सगळं रुपये-आणे-पैत. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर महिन्याचं नाव आहे. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, मग आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. एका पानावर एक महिना. श्रावण आणि भाद्रपद नाहीत.

शाईदौत

मग तुमचं काम आजींनीच करून ठेवलंय.

हिशेब मागून सुरू होतो. म्हणजे चैत्र वहीच्या शेवटच्या पानावर, सगळ्यात बाहेरच्या कागदाच्या बाहेरच्या बाजूला. त्या फोटोत चैत्राच्या शेजारी सरळ दिसणारं ओव्यांचं पान म्हणजे वहीचं पहिलं पान. कागद पालटला की वैशाख, त्याच्या शेजारचं दुसरं. ज्येष्ठाशेजारी तिसरं, आषाढाशेजारी चौथं. हिशेब एकेक पान मागून पुढे सरकतो आणि ओव्या एकेक पान पुढून मागे, म्हणून महिना कितवा तेच ओव्यांच्या पानाचं उत्तर. आश्विन सातवा म्हणून सातवं पान, फाल्गुन बारावा म्हणून बारावं.

आधी सगळे फोटो ओव्या सरळ दिसतील असे फिरवून घ्या. फोन कधी कधी फोटो स्वतःच फिरवतो, आणि हिशेब सरळ धरून बघितलं तर डावं-उजवं नेमकं उलटं होतं.

खटपट्या

अंगावर काटा आला वाचून.

दुर्गवाटा

म्हणजे अर्धा फाटलेला कागद पाचव्या-सहाव्या पानाचा? श्रावण-भाद्रपद त्याच्याच फाटलेल्या अर्ध्यावर असणार!

शाईदौत

अगदी बरोबर. त्या अर्ध्याच्या दोन बाजूंपैकी जिथे घडीची कड डावीकडे येते ते पाचवं, जिथे उजवीकडे येते ते सहावं. रानजाईताई, आषाढाच्या शेवटी शिल्लक लिहिली असेल आणि आश्विनाच्या सुरुवातीला 'मागील शिल्लक' असेल, तर त्या दोन रकमाही ताडून बघा.

रानजाई

बघितल्या. आषाढाखाली शिल्लक ११ रुपये ६ आणे. आश्विनाच्या वर मागील शिल्लक ४ रुपये २ आणे. मध्ये खरोखर काहीतरी लिहिलेलं होतं तर. बाकीचे महिने एकमेकांना बरोब्बर जुळतात.

आणखी एक पुरावा मिळाला. कार्तिकाशेजारच्या पानाच्या अगदी तळाला ही एक ओळ एकटीच आहे:

'दळण दळिते बाई पहाटेच्या पारी'

आणि मार्गशीर्षाशेजारचं पान असं सुरू होतं:

'उजाडलं असंल आता माहेराच्या दारी'

आठवं आणि नववं पान. दोन वेगळ्या कागदांवरची. मी इतके दिवस या दोन अर्ध्या ओव्या समजत होते.

चिंचपेटी, 'पहिली माझी ओवी' तिसऱ्या पानावर आहे. वरच्या चार ओव्यांची शाई तीच, अक्षरही तेवढंच मोठं.

चिंचपेटी

मान्य! पण ती ओळ वाचून डोळे भरून आले, त्यामुळे हरले असं अजिबात वाटत नाही.

नांदेडकर

आणे-पै आहेत म्हणजे हिशेब १९५७ च्या आधीचा. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले.

बोरू

नाणी आली म्हणून माणसं लगेच बदलली नाहीत. आमचे आजोबा त्यानंतरही कित्येक वर्षं आण्यांतच हिशेब मांडायचे. त्यावरून एवढंच म्हणता येईल की १९५७ च्या फार नंतरचा नसावा.

नांदेडकर

तोंडी बोलण्यात आणे राहिले हे खरं. पण लिहिताना पैसुद्धा लिहिली असेल तर मी आधीचाच म्हणेन.

टोरांटोची तायडी

बारा महिन्यांना बारा पानं, म्हणजे ते अधिक महिन्याचं वर्ष नव्हतं, एवढं नक्की ना?

शाईदौत

हो, तायडी. फाटलेल्या पानावर श्रावण-भाद्रपद बसले की तेराव्या महिन्याला जागाच उरत नाही.

रानजाई

आता दुसरा प्रश्न, ज्यावर घरातही वाद झालाय. माझी मावसबहीण म्हणते की पानाच्या खुणा कशाला, ओव्या सलग टंकून पुस्तिका छापू. मला खुणा हव्यात. पण ओवीच मध्ये तुटते तिथे काय करायचं? तिसऱ्या पानाचा शेवटचा शब्द 'माहे' आहे आणि चौथं पान 'राला' ने सुरू होतं.

खटपट्या

तो शब्द सरळ 'माहेराला' करून तिसऱ्या पानावर टाका. वाचणाऱ्याला काय फरक पडतो?

शाईदौत

वाचणाऱ्याला पडत नाही. पण उद्या कोणी टंकलेलं फोटोशी ताडून बघायला बसलं तर त्याला चौथ्या पानावर 'राला' दिसेल आणि तुमच्या मजकुरात ते नसेल. खूण जिथे पान बदलतं नेमकी तिथेच घालावी, शब्दाच्या पोटात आली तरी. आणि खूण नव्या पानाच्या सुरुवातीची असावी. काही जण पान संपताना घालतात, काही सुरू होताना. दोन्ही मिसळलं की पुढे कळेनासं होतं की 'पृ. ४' च्या वरचं चौथं की खालचं.

मी हे असं करतो:

```
धाडा निरोप माहे[पृ. ४]राला
दळण दळिते बाई पहाटेच्या पारी
[पृ. ९]
उजाडलं असंल आता माहेराच्या दारी
```

चौकोनी कंस अशासाठी की तो आकडा आजींचा नाही, आपण घातलेला आहे. शब्दाच्या मध्ये खूण चिकटून येते. ओळ संपून पान बदलत असेल तर खूण वेगळ्या ओळीवर. हे कटाक्षाने पाळलंत तर पुस्तिकेसाठी सगळ्या खुणा एका फटक्यात काढता येतात आणि 'माहेराला' आपोआप सांधला जातो. बहिणीचं आणि तुमचं, दोघींचं काम एकाच फाइलमधून होतं.

बोरू

खुणा काढायला ज्या एडिटरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन चालतं तिथे हे शोधून रिकाम्याने बदला. आधी प्रत मात्र ठेवा.

```
\[पृ\. [०-९]+\]\n?
```

शेवटचा `\n?` स्वतंत्र ओळीवरच्या खुणेची ओळही काढून टाकतो.

ग्रंथपाल_माई

मी ग्रंथालयात काम करते. आमच्याकडे अशा मजकुरात `<pb n="4" break="no"/>` अशी खूण घालतात. तीही पानाच्या सुरुवातीलाच येते आणि `break="no"` म्हणजे इथे शब्द तुटलेला नाही, पुढे जोडून वाचा. घरच्या कामाला कंसातली खूण पुरेशी आहे, पण तुम्ही एकच पद्धत पाळली असेल तर पुढे कधी हवं झालं तर तिचं हे रूप करणं कठीण नाही.

एक सुचवू? 'पान ४' असं लिहू नका. आपल्याकडे पान म्हणजे कधी कागदाचं पूर्ण पान, दोन्ही बाजूंसकट, आणि कधी एकच बाजू. 'फाटलेलं एक पान' म्हणताना तुम्ही दोन बाजू धरताय आणि 'चौथं पान' म्हणताना एकच. एका बाजूला पृष्ठ म्हणा आणि फाटलं त्याला पान म्हणा.

दुर्गवाटा

आणि फाटलेल्याला आकडा द्यायचा की नाही? नसलेल्या पानाला क्रमांक देणं मला पटत नाही. जे आहे तेवढंच सलग मोजावं.

ग्रंथपाल_माई

ते पान उद्या एखाद्या चुलत्याच्या ट्रंकेत सापडलं तर? मग त्याच्या पुढचे सगळे आकडे बदलावे लागतील आणि तोवर कोणी 'पृ. २९' म्हणून कुठे लिहिलं असेल तर ते चुकेल. जागा होती हे घडीवरून आणि शिलकीवरून सिद्ध झालंय, म्हणून आकडा राखून ठेवावा आणि तिथे '[पृ. २७–२८ : पान फाटलेले]' लिहावं.

दुर्गवाटा

बघा बुवा. मी माझ्या पोथ्यांत उरलेलीच पानं मोजलीत आणि मला ते सोपं जातं.

रानजाई

माई, २७–२८ तुम्ही ३२ पृष्ठांच्या हिशेबाने म्हणताय. माझ्याकडे तर सातच कागद आहेत, म्हणजे २८ पृष्ठं. मग फाटलेलं पान २३–२४ होईल ना?

शाईदौत

चांगलं पकडलंत. मीसुद्धा आठ कागद फक्त नमुन्यासाठी घेतले होते. ओव्यांचे आकडे पुढून मोजतो म्हणून ते बदलणार नाहीत, पण मागचे सगळे एकूण संख्येवर अवलंबून आहेत. सातव्या कागदाची आतली बाजू बघा. तो सगळ्यात आतला असेल तर शिवणीचा दोरा वर्षानुवर्षं त्याच्या घडीवर दाबला गेलेला असणार. भोकांच्या मध्ये दोऱ्याचा फिकट ठसा दिसतो का?

रानजाई

सातव्या कागदावर ओव्यांची दोन पृष्ठं आहेत, १३ आणि १४. हिशेबाची बाजू कोरी. घडीवर नुसती भोकं आहेत, ठसा नाही.

पुन्हा भावाला फोन लावला. तो म्हणाला, "एक कागद दोन्ही बाजूंनी कोरा होता, म्हणून त्याचा फोटो नाही काढला." त्या कोऱ्या कागदाच्या घडीत दोऱ्याचा तुकडा अजून अडकलेला आहे म्हणे!

म्हणजे आठ कागद, ३२ पृष्ठं. कोरा कागद सगळ्यात आतला, पृ. १५ ते १८. माई, तुमचे आकडे बरोबर निघाले.

दुर्गवाटा

बघा, काकांसारखंच झालं. कोरं म्हणून सोडलं.

खटपट्या

फाइलींची नावं देताना `p08_WA0011_L.jpg` अशी द्या, p8 नको. नाहीतर p10 हे p2 च्या आधी जाऊन बसेल. मधे जुनं नाव राहू द्या म्हणजे मूळ फोटो सापडतो, आणि L किंवा R वरून घडीच्या कुठल्या बाजूचं पृष्ठ ते कळेल. या वेळी तरी माझं बरोबर आहे ना?

शाईदौत

अगदी.

रानजाई

तशीच नावं दिली, खटपट्या. पहिल्या बारा पृष्ठांच्या ओव्या टंकून झाल्या, खुणांसकट. आईला आठवं-नववं जोडून वाचून दाखवलं तर तिने पुढची ओवी मी वाचायच्या आधीच म्हटली.

एक मात्र राहिलंय. पृ. १४ च्या तळाशी पुन्हा एकच ओळ आहे. दुसरी ओळ नाही आणि पृ. १५ कोरं. आजी मध्येच थांबली, की सातवा आणि कोरा यांच्यामध्ये आणखी एक कागद होता?

बोरू

मला वाटतं थांबल्या. घरात शंभर कामं, कोणी हाक मारली असेल.

चिंचपेटी

मला नाही वाटत. ओवीची दुसरी ओळ ओठांवर असतेच, ती लिहायची राहत नाही.

शाईदौत

फोटोंवरून हे ठरणार नाही. मधला अख्खा कागद गेला असेल तर त्याची दोन्ही अर्धी एकदम जातात, मागे काहीच फाटकं उरत नाही. हिशेबही फाल्गुनात पृ. २१ वर संपतो, तोही इथे साक्ष देत नाही. पण एक करता येईल. बंद वहीत समोरासमोर राहिलेल्या पृष्ठांवर जुन्या शाईचा फिकट ठसा कधी कधी उमटतो, उलटा, आरशात दिसतो तसा. पृ. १४ चा ठसा कोऱ्या कागदावर असेल तर ती दोन पृष्ठं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून होती, मध्ये काही नव्हतं. ठसा नसला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, शाई नीट वाळल्यावर वही मिटली असेल तरी तो उमटत नाही.

रानजाई

भाऊ शिमग्याला गावी जातोय. कोरा कागद खिडकीपाशी धरून, बाजूने तिरका उजेड पडेल असा, दोन्ही बाजूंनी फोटो काढायला सांगितलंय, आणि या वेळी डॉक्युमेंट म्हणूनच पाठव म्हटलंय. ट्रंकेच्या तळाचा कागदही उचलून बघणार आहे. तोवर पृ. १४ ची शेवटची ओळ आहे तशीच ठेवलीय, खाली '[पुढील ओळ नाही]' एवढंच लिहून.